भाड्याच्या दुकानाचे नूतनीकरण: कोणता खर्च भांडवली, कोणता महसुली?

प्रश्न: माझे ठाण्यात तयार कपड्यांचे दुकान आहे. जागा लिव्ह अँड लायसन्सवर आहे. शेजारचा गाळाही त्याच मालकाचा होता. तो घेऊन नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन्ही गाळे एक केले आणि सगळे इंटिरिअर नवे केले. १ डिसेंबर २०२५ पासून ६० महिन्यांचा नवा करार झाला आहे, त्यात लॉक-इन ३ वर्षांचे आहे. कॉन्ट्रॅक्टरचे बिल जीएसटीसह १४,६३,२०० रुपयांचे आहे. अकाउंटंट म्हणतात, जागा आपली नाही, मालमत्ता मालकाची, म्हणून पूर्ण रक्कम दुरुस्ती खर्चात टाकू. सीए म्हणतात, रक्कम मोठी आहे, सगळी भांडवली करावी लागेल. बरोबर कोण? उलाढाल अडीच कोटींच्या आसपास आहे आणि टॅक्स ऑडिट होते.

उत्तर:

दोघांचेही निष्कर्ष अर्धवट आहेत आणि दोघांनी दिलेली कारणे तर पूर्णपणे बाजूला ठेवावी लागतील. जागा कोणाची आहे आणि रक्कम किती मोठी आहे, या दोन्ही गोष्टींवरून खर्चाचे स्वरूप ठरत नाही. प्रत्येक कामाने नेमके काय साधले यावरून ते ठरते. जे आधीपासून होते ते पुन्हा वापरण्याजोगे केले असेल तर तो खर्च महसुली, म्हणजे त्याच वर्षीच्या नफा-तोटा खात्यात जाणारा. जे नव्हते ते निर्माण केले, किंवा होते त्याच्या जागी अनेक वर्षे उपयोगी पडेल असे वेगळे काही उभे केले, तर तो भांडवली. भाड्याच्या कराराचे काम यानंतर सुरू होते, कारण भांडवली ठरलेला खर्च पुस्तकात किती काळात घसाऱ्याने वाटायचा हे करारावरून ठरते. हा क्रम उलटा केला की गोंधळ होतो, आणि आपल्या अकाउंटंटांचा गोंधळ तिथेच झाला आहे.

त्यांच्या म्हणण्यामागे एक खरा निकाल आहे, म्हणून त्याविषयी आधी लिहितो. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मद्रास ऑटो सर्व्हिसच्या प्रकरणात, भाडेकरूने जुनी इमारत पाडून स्वतःच्या खर्चाने नवी बांधली असतानाही तो खर्च महसुली मानला होता. इमारत पहिल्या दिवसापासून मालकाची होती आणि भाडेकरूला त्या बदल्यात ३९ वर्षे कमी भाड्याचा लाभ मिळणार होता, असा तिथला युक्तिवाद होता. हा निकाल आजही अनेक ठिकाणी जसाच्या तसा उद्धृत केला जातो. परंतु तो वाद ज्या वर्षांचा होता त्या वर्षांत प्राप्तिकर कायद्याच्या कलम ३२ मधील स्पष्टीकरण १ अस्तित्वात नव्हते. ते १ एप्रिल १९८८ पासून आले. त्याचा आशय असा की, व्यवसायाची इमारत स्वतःच्या मालकीची नसली, पण भाडेपट्ट्याने किंवा वापराच्या अन्य हक्काने ताब्यात असली, आणि तिथे व्यावसायिकाने नूतनीकरण, विस्तार किंवा सुधारणा यांवर भांडवली खर्च केला, तर घसाऱ्यापुरते ते काम त्याच्या स्वतःच्या इमारतीसारखे धरायचे. ‘वापराचा अन्य हक्क’ या शब्दांमुळे लिव्ह अँड लायसन्सही त्यात बसते. त्यामुळे ‘जागा आपली नाही’ हे कारण एकट्याने आता चालत नाही.

याचा अर्थ भाड्याच्या जागेतला प्रत्येक खर्च भांडवली, असाही घेता येणार नाही. स्पष्टीकरण १ हे खर्च आधीच भांडवली ठरल्यावर लागू होते. तो भांडवली आहे की नाही हे ते ठरवत नाही. दुरुस्तीसाठी कलम ३० वेगळे आहे, आणि तिथे भाडेकरूला जागामालकापेक्षा थोडी अधिक मोकळीक दिलेली आहे. मालकाला केवळ ‘चालू दुरुस्ती’ची वजावट मिळते. भाडेकरूने दुरुस्तीचा खर्च सोसण्याचे करारात मान्य केले असेल तर त्याला ‘दुरुस्ती’ची वजावट मिळते, आणि तिथे ‘चालू’ हा शब्द नाही. अनेक वर्षे साचलेली दुरुस्ती एकदम केली, म्हणून रक्कम फुगली, तरी भाडेकरूच्या बाबतीत ती दुरुस्तीच राहू शकते. २००३ च्या वित्त अधिनियमाने मात्र १ एप्रिल २००४ पासून एक कुंपण घातले: भांडवली स्वरूपाचा कोणताही खर्च या दुरुस्तीत धरायचा नाही. तेव्हा आपल्या करारातील दुरुस्तीचे कलम आधी वाचा. लायसन्सीने अंतर्गत दुरुस्ती स्वखर्चाने करावी असे त्यात असेल तर पुढचा मार्ग सरळ आहे. तसे वाक्य नसल्यास वजावट कलम ३७(१) खाली मागावी लागते, आणि खर्च व्यवसायासाठीच केला हे दाखवण्याचे ओझे थोडे वाढते.

दुरुस्ती कोठे संपते आणि नवी निर्मिती कोठे सुरू होते, यासाठी मुंबई उच्च न्यायालयाने न्यू शोरॉक मिलच्या १९५६ च्या निकालात दिलेली कसोटी मला आजही सर्वांत उपयोगी वाटते. मालमत्ता जपण्यासाठी, ती नीट वापरता यावी म्हणून किंवा तिची मूळ स्थिती परत यावी म्हणून केलेले काम ही दुरुस्ती. नवी मालमत्ता किंवा नवा लाभ निर्माण करणारे काम ही दुरुस्ती नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये बल्लीमल नवल किशोर प्रकरणात हीच कसोटी मान्य केली. तिथे एका चित्रपटगृहाची यंत्रे, फर्निचर, स्वच्छतागृहे, वायरिंग असे जवळजवळ सर्व काही नवे केले होते, आणि न्यायालयाने त्या एकत्रित कामाला चालू दुरुस्ती मानण्यास नकार दिला. आपल्या सीएंच्या मनात बहुधा हेच प्रकरण असावे. पण त्यावरून ‘नूतनीकरणाच्या बिलातले सगळेच भांडवली’ असा नियम काढणे मला पटत नाही. एकाच बिलात दोन्ही प्रकारची कामे असू शकतात, आणि ती वेगळी दाखवता आली तर वेगळीच नोंदवली पाहिजेत. लेखामानक १० देखील हेच सांगते: रोजच्या देखभालीचा खर्च नफा-तोटा खात्यात, आणि ज्याचा लाभ पुढील वर्षांत मिळणार आहे व ज्याची किंमत विश्वासार्हपणे मोजता येते ते मालमत्तेत.

म्हणून पहिले काम कॉन्ट्रॅक्टरकडे आहे. बिलावर ‘इंटिरिअर वर्क, एकूण’ अशी एकच ओळ असेल तर कोणतीही विभागणी तपासणीत टिकणार नाही, कारण ती नंतर सोयीने केलेली दिसेल. त्याच्याकडून कामनिहाय मोजमापांसह तपशील घ्या: किती चौरस फूट लादी, किती चौरस फूट छत, किती पॉइंट वायरिंग. मूळ कोटेशनमध्ये हा तपशील बहुतेक वेळा असतोच, तो बिलाला जोडून त्यावर त्याची सही घ्यावी. काम सुरू होण्यापूर्वीचे जुन्या गाळ्याचे फोटो असतील तर तेही फाइलमध्ये ठेवा. पडलेला गिलावा आणि ओल दाखवणारा एक फोटो ‘हे दुरुस्तीचे काम होते’ या विधानाला लांबलचक पत्रापेक्षा जास्त आधार देतो.

आपण दिलेल्या रकमेला धरून अशा दुकानात साधारण कशी विभागणी होते ते पाहू. प्रत्यक्ष आकडे आपल्या तपशिलाप्रमाणे बदला. जीएसटीपूर्वी १२,४०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के दराने २,२३,२०० रुपये कर, असे मी धरतो. कामे अशी: जुन्या गाळ्यातील ओल आलेल्या भिंतींचा गिलावा व रंग ९५,०००, जुन्या रोलिंग शटरच्या सडलेल्या पट्ट्या बदलणे व दुरुस्ती २०,०००, मधली भिंत काढून तेथे आधार देणे व काचेचा नवा दर्शनी भाग २,१०,०००, दोन्ही गाळ्यांतील मोझेक काढून व्हिट्रिफाइड लादी १,८०,०००, जिप्समचे फॉल्स सीलिंग १,४०,०००, वाढीव लोडसाठी नवी वायरिंग, डीबी व दिवे १,६०,०००, काउंटर, रॅक, शोकेस व ट्रायल रूम ३,२५,०००, दोन स्प्लिट एसी १,१०,०००.

गिलावा, जुन्या भिंतींचा रंग आणि शटर यांबाबत मला शंका नाही. मिळून १,१५,००० रुपये महसुली. येथे एक खबरदारी घ्यावी लागते. रंग हे नेहमीच दुरुस्तीचे काम नसते. नव्या जिप्सम छताला दिलेला रंग हा त्या छताच्या किमतीचाच भाग आहे, आणि भिंत काढल्यावर नव्या गाळ्याच्या बाजूला केलेले रंगकाम हे त्या बांधकामाबरोबर जाते. केवळ जुन्या गाळ्याच्या जुन्या भिंती पूर्ववत करण्याचा रंग वेगळा काढायचा. बिलात ‘पेंटिंग’ म्हणून एकच रक्कम असेल तर चौरस फुटांवरून ती वाटावी.

भिंत काढणे आणि काचेचा दर्शनी भाग हे उघडच भांडवली आहे. दुकानाची रचना बदलली, विक्रीची जागा वाढली, आणि पूर्वी नव्हते ते आले. फॉल्स सीलिंगविषयी न्यायाधिकरणांचे निकाल दोन्ही बाजूंनी मिळतात. काहींनी ते केवळ सोयीचे आणि काढून टाकण्याजोगे म्हणून महसुली मानले आहे. माझे मत असे की, जिथे छत पूर्वी नव्हते आणि ते संपूर्ण नूतनीकरणाचा भाग म्हणून आले, तिथे त्याला भांडवलीच धरावे. त्यावर भांडण्यासारखी रक्कमही बहुधा नसते.

लादी हा खरा सीमारेषेवरचा विषय आहे. जुन्या मोझेकपैकी काही लाद्या फुटल्या होत्या आणि तेवढ्याच बदलल्या असत्या, तर नव्या लाद्या अधिक चांगल्या असूनही ती दुरुस्ती राहिली असती, कारण आज त्याच प्रतीचे जुने साहित्य मिळत नाही म्हणून दुरुस्तीचे स्वरूप बदलत नाही. आपल्याकडे मात्र दोन्ही गाळ्यांची धड असलेली फरशीसुद्धा एकसारखी दिसावी म्हणून काढली गेली. हेतू पूर्ववत करण्याचा नव्हता. त्यामुळे १,८०,००० भांडवली. येथे कामाचा हेतू विचारणे आवश्यक ठरते, आणि त्याचे उत्तर बिलात नसून आपल्या जुन्या फोटोंत आणि कॉन्ट्रॅक्टरला दिलेल्या कामाच्या वर्णनात असते.

वायरिंग, काउंटर व रॅक आणि एसी हे तिन्ही भांडवली आहेत, परंतु प्राप्तिकरात ते इमारतीत बसत नाहीत. वायरिंग, स्विच व सॉकेट ही विद्युत जोडणी फर्निचरच्याच ब्लॉकमध्ये, म्हणजे एकाच दराने घसारा मिळणाऱ्या मालमत्तांच्या गटात, १० टक्के दराने येते, एसी यंत्रसामग्रीत १५ टक्के दराने. भिंत, लादी व छत बिगरनिवासी इमारत म्हणून १० टक्क्यांत. ‘तात्पुरत्या लाकडी बांधकामा’साठी ४० टक्के दर आहे आणि प्लायवुडच्या पार्टिशनला तो लावण्याचा मोह अनेकांना होतो. पण तो दर निव्वळ तात्पुरत्या उभारणीसाठी आहे. पाच वर्षे वापरण्यासाठी पक्की बसवलेली ट्रायल रूम त्यात बसवणे मला योग्य वाटत नाही.

आता ज्या भागाकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही तो जीएसटीचा भाग. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७(५) मधील खंड (ग) आणि (घ), म्हणजे ज्यांना व्यवहारात सी आणि डी म्हटले जाते ते, स्थावर मालमत्तेच्या बांधकामावरील इनपुट टॅक्स क्रेडिट अडवतात. तेथे ‘बांधकाम’ या शब्दात पुनर्बांधणी, नूतनीकरण, बदल आणि दुरुस्तीही येते, पण केवळ ज्या मर्यादेपर्यंत ते भांडवली केले असेल तेवढीच. म्हणजे आपण पुस्तकात घेतलेला निर्णयच क्रेडिट मिळेल की नाही हे ठरवतो. महसुली दाखवलेल्या दुरुस्तीवरचे क्रेडिट मिळते. भांडवली केलेल्या भिंत, लादी आणि छतावरचे मिळत नाही. काउंटर, रॅक आणि एसी भांडवली असले तरी ते स्थावर मालमत्ता नसल्याने त्यांच्यावरचे क्रेडिट मिळते, मात्र रॅक भिंतीत कायमचे बांधून टाकलेले नसावेत, स्क्रूने बसवलेले आणि न मोडता काढता येण्याजोगे असावेत. भिंतीत गाडलेल्या वायरिंगवरचे क्रेडिट मी सावधगिरी म्हणून सोडून देतो. ‘प्लांट’ या शब्दाचा आधार घेऊन दुकानाचे बांधकाम क्रेडिटमध्ये आणण्याचा जो मार्ग ऑक्टोबर २०२४ च्या सफारी रिट्रीट्स निकालानंतर काहींना दिसू लागला होता, तो २०२५ च्या वित्त अधिनियमाने पूर्वलक्षी दुरुस्ती करून बंद केला आहे.

आपल्या उदाहरणात हे असे बसते. भिंत, लादी, छत आणि वायरिंग यांची मूळ किंमत ६,९०,००० रुपये, त्यावरचा कर १,२४,२०० रुपये. हे क्रेडिट मिळत नसल्याने तो कर त्या मालमत्तेच्या किमतीत मिसळेल. उरलेल्या ५,५०,००० रुपयांवरील ९९,००० रुपयांचे क्रेडिट घ्यायचे, आणि मग तो कर किमतीत धरून त्यावर घसारा घ्यायचा नाही, कारण कलम १६(३) एकाच करावर दोन्ही लाभ देत नाही. यानंतर पुस्तकात इमारत-सुधारणा ६,२५,४०० रुपये, विद्युत जोडणी १,८८,८०० रुपये, फर्निचर ३,२५,००० रुपये, एसी १,१०,००० रुपये आणि दुरुस्ती खर्च १,१५,००० रुपये अशी नोंद होईल. क्रेडिटचे ९९,००० मिळवले की बिलाचे १४,६३,२०० जुळतात. ही बेरीज जुळवून पाहणे सोपे आहे, तरी एकरकमी बिलांच्या फाइलींत सर्वांत जास्त चुका येथेच सापडतात. कर एकदा क्रेडिटमध्ये आणि पुन्हा मालमत्तेच्या किमतीत, असा दोनदा घेतलेला असतो.

आता कालावधी. जे काम जागा सोडताना मालकाकडेच राहणार, त्याचा घसारा पुस्तकात त्याचे उपयुक्त आयुष्य किंवा जागा हातात राहण्याचा काळ, यांपैकी जो कमी असेल तेवढ्यात पूर्ण झाला पाहिजे. लादी पंधरा वर्षे टिकेल, पण पाच वर्षांनंतर ती आपल्या उपयोगाची राहणार नाही. लेखामानक १० मध्ये उपयुक्त आयुष्य ठरवताना संबंधित भाडेकराराची मुदत विचारात घेण्यास स्पष्टपणे सांगितले आहे. काउंटर, रॅक आणि एसी आपण घेऊन जाणार असाल तर त्यांना त्यांचे स्वतःचे आयुष्य लावा. करारात ‘सर्व फिटिंग जागेतच सोडावी’ असे असेल तर तेही ६० महिन्यांतच संपवावे लागतील.

६० महिने घ्यायचे की लॉक-इनचे ३६? लॉक-इननंतर करार कोण संपवू शकतो यावर हे अवलंबून आहे, आणि दोन्ही शक्यता प्रत्यक्ष करारांत आढळतात. बाहेर पडण्याचा अधिकार फक्त आपल्याला असेल, तर इतका खर्च करून आपण तीन वर्षांत दुकान सोडाल असे मानण्यास कारण नाही. ६० महिने योग्य. मालकालाही एक-दोन महिन्यांच्या नोटिशीवर करार संपवता येत असेल, तर ३६ महिने धरणे अधिक सुरक्षित, जोपर्यंत त्याच मालकाबरोबरचा आपला पूर्वीचा अनुभव उलट सांगत नाही. आपण जुने लायसन्सी आहात आणि मालकाने स्वतःहून दुसरा गाळा दिला, ही बाब ६० महिन्यांच्या बाजूने जाते. पण ती लेखी टिपणात नोंदवून ठेवली पाहिजे.

याउलट, ६० महिन्यांनंतर मालक नक्की नूतनीकरण देईल म्हणून १२० महिने धरणे मला मान्य नाही. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा काळ ६० महिन्यांपर्यंतच ठेवण्याची पद्धत पडण्यामागे मुद्रांक शुल्काचे कारण आहे. त्यापुढे गेल्यास दस्तावर भाडेपट्ट्याप्रमाणे शुल्क लागते. त्यामुळे पुढचा करार हा दोघांच्या नव्या संमतीचा, नव्या भाड्याचा करार असतो, आपल्या एकट्याच्या हक्काचा नव्हे. पागडीच्या गाळ्याची गोष्ट वेगळी. तिथे भाडेकरूला भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असते आणि ताब्याला ठरावीक शेवट नसतो, म्हणून लादी व छताला त्यांचे पूर्ण उपयुक्त आयुष्य लावणेच बरोबर.

६० महिने धरल्यास इमारत-सुधारणा व वायरिंग मिळून ८,१४,२०० रुपये, दरमहा १३,५७० रुपये. डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांचा पुस्तकी घसारा ५४,२८० रुपये. प्राप्तिकरात मात्र भाडेकराराची मुदत अजिबात पाहिली जात नाही. तेथे ब्लॉकचा दरच चालतो, आणि पहिल्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी असल्याने त्याच्या निम्माच मिळतो. त्याच ८,१४,२०० रुपयांवर या वर्षी ५ टक्क्यांनी ४०,७१० रुपये, पुढे दरवर्षी उरलेल्या रकमेवर १० टक्के. ३१ मार्च २०३० रोजी पुस्तकात या कामांची शिल्लक १,०८,५६० रुपये असेल, तर प्राप्तिकराच्या हिशेबात ती सुमारे ५,०७,००० रुपये असेल. फर्निचरवर या वर्षी १६,२५० आणि एसीवर ८,२५० मिळतील, म्हणजे करासाठी एकूण घसारा ६५,२१० रुपये आणि शिवाय दुरुस्तीचे १,१५,००० रुपये.

हा फरक व्यापाऱ्याला टोचतो, आणि तो टोचणे स्वाभाविक आहे. जागा पाच वर्षांची असताना करात निम्म्याहून अधिक रक्कम अडकून राहते. सगळे दुरुस्तीत टाकण्याचा आग्रह येथूनच येतो. पण टॅक्स ऑडिटच्या नमुना ३सीडी मधील खंड २१(अ) मध्ये, म्हणजे व्यवहारात ज्याला एकवीस ए म्हणतात तिथे, नफा-तोटा खात्यात टाकलेला भांडवली खर्च लेखापरीक्षकाला स्वतःच नमूद करावा लागतो. आपल्या सीएंना ती नोंद टाळता येणार नाही. न करता पुढे गेल्यास वजावट नाकारली जाऊन कर आणि व्याज येते, आणि उत्पन्न कमी दाखवल्याचा कलम २७०ए खालील दंडही मागितला जाऊ शकतो. शिवाय महसुली दाखवून घेतलेल्या १,२४,२०० रुपयांच्या क्रेडिटचा प्रश्न जीएसटीत वेगळा उभा राहतो.

पैसे कसे दिले हेही पाहा. सुताराला किंवा गवंड्याला थेट रोखीने एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा अधिक दिले असतील, तर ती रक्कम दुरुस्तीची असल्यास तिची वजावट मिळत नाही आणि मालमत्तेची असल्यास तिच्या किमतीत धरली जात नाही, म्हणजे तिच्यावर घसाराही नाही. भांडवली केले म्हणून रोखीची अडचण सुटते असा समज आहे, तो चुकीचा आहे.

वरची कलमे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची आहेत आणि आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी तीच लागू आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू होत असल्याने पुढील वर्षांच्या टिपणांत कलमांचे क्रमांक त्याप्रमाणे घाला. वाचणाऱ्यांपैकी कोणी कलम ४४एडी खाली अनुमानित नफा दाखवत असेल, तर त्याला करापुरता हा भेद त्या वर्षी फारसा भिडत नाही, कारण दुरुस्ती आणि घसारा दोन्ही त्या टक्केवारीत आलेले मानले जातात. मात्र घसारा मिळाला असे धरून मालमत्तेची शिल्लक दरवर्षी कमी होतच राहते, आणि जीएसटी क्रेडिटचा प्रश्न तर पूर्वीइतकाच उरतो.

शेवटी, मुदतीपूर्वी जागा सोडावी लागली तर. समजा ३६ महिन्यांनी आपण बाहेर पडलात. पुस्तकात उरलेल्या २४ महिन्यांचे ३,२५,६८० रुपये त्याच वर्षी निर्लेखित करून नफा-तोटा खात्यात न्यावे लागतील, आणि सोडण्याचे आधीच ठरले असेल तर ठरल्या तारखेपासून उरलेला घसारा त्या कमी काळात बसवावा लागेल. प्राप्तिकरात असे एकरकमी निर्लेखन नाही. ब्लॉकमधून फक्त मालमत्तेपोटी मिळालेली रक्कम वजा होते, आणि मालकाने काही दिले नसेल तर वजा करण्यासारखे काही नसते. मालकाने लादी-छतापोटी काही रक्कम दिली, किंवा डिपॉझिटमध्ये वळती केली, तर ती मिळकत म्हणून स्वतंत्र न दाखवता पुस्तकात त्या मालमत्तेच्या शिल्लक किमतीसमोर आणि करात ब्लॉकसमोर धरा. त्यासाठी मालकाकडून रक्कम कोणत्या कामापोटी आहे हे एका ओळीत लिहून घेतलेले असावे, आणि ती ओळ ताबा देण्याच्या दिवशीच्या पावतीवर असली तर उत्तम.